पानं गळलेलं झाड फोटोवरून कसं ओळखायचं : काडी, डोळे, पानाचा व्रण आणि साल

पानगळीच्या दिवसात ओळखीचे लोक मला उघड्याबोडक्या झाडांचे फोटो पाठवतात आणि खाली एवढंच लिहितात, "हे कोणतं?" फोटोत काय असतं, तर निळं आभाळ आणि त्यावर काळ्या रेघांचं जाळं. त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, मलाही नाही, आणि जो लगेच सांगतो तो बहुतेक वेळा अंदाज मारत असतो. पण त्याच झाडाच्या एका काडीचा नीट फोटो मिळाला, अगदी वीतभर काडी जरी असली, तरी निम्मं काम तिथेच होतं. म्हणून हा लेख मुख्यतः काडीवर आहे, साल नंतर येईल, कारण सालीने मला जेवढं फसवलंय तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

आधी काडी वाचायला शिका

झाडाच्या फांदीचं अगदी टोकाचं, गेल्या वर्षी वाढलेलं जे बोट असतं त्याला आपण काडी म्हणू. पान गळतं तेव्हा ते तुटून पडत नाही, झाड आधी देठाच्या बुडाशी एक कमजोर थर तयार करतं, जखमेच्या जागी बुचासारखा पापुद्रा धरतं, आणि मग पान सुटतं. त्यामुळे मागे जी खूण राहते ती फाटकी नसते, स्वच्छ कापल्यासारखी असते आणि प्रत्येक जातीत तिचा आकार साधारण ठरलेला असतो. हाच पानाचा व्रण. कुठे गोल, कुठे अर्धचंद्र, कुठे ढालीसारखा, कुठे बदामासारखा.

व्रणाच्या आत नीट बघितलं तर बारीक ठिपके दिसतात. पानाला पाणी नेणाऱ्या आणि पानातून अन्न आणणाऱ्या नळ्या जिथे तुटल्या त्या जागा म्हणजे हे ठिपके. काही झाडांत एकच ठिपका, काहींत तीन, काहींत अर्धगोलात ओळीने बरेच. आणि व्रणाच्या बरोब्बर वरच्या बाजूला बसलेला असतो डोळा, म्हणजे पुढच्या हंगामाची फांदी किंवा फुलोरा जिथून फुटणार तो कोंब. हा क्रम लक्षात ठेवा : खाली व्रण, वर डोळा. कुठली खूण पानाची आहे आणि कुठली नुसतीच खरचटल्याची, हे यावरूनच कळतं, डोळा नसेल तर त्या खुणेवर विश्वास ठेवताना दोनदा विचार करा.

पहिल्यांदा शिकायचं असेल तर पांढऱ्या चाफ्याची काडी घ्या. बोटाएवढी जाड, आणि तिच्यावर व्रण इतके मोठे की चष्मा न लावता दिसतात, एकाला एक लागून गोल फिरत वर चढत गेलेले. पाच मिनिटं ती काडी हातात फिरवलीत की व्रण, ठिपके, डोळा हे शब्द पाठ करायची गरजच राहत नाही. फक्त ती खाली पडलेली घ्या, ताजी मोडली तर पांढरा चीक हाताला लागतो आणि काहींच्या कातडीला तो सोसत नाही.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, बकाण निंब. थंडीत हा पूर्ण निष्पर्ण होतो. याचं पान मोठं, दोन-तीनदा विभागलेलं, त्यामुळे देठ जाड आणि व्रणही मोठा. तो व्रण तीन पाकळ्यांचा असतो, मध्ये एक आणि बाजूला दोन, आणि ठिपके सुटे नसून तीन घोळक्यांत बसलेले, प्रत्येक पाकळीत एक घोळका. वर छोटासा गोल लवदार डोळा. जवळून बघितलं तर कुणीतरी टोपी घालून आपल्याकडे बघतंय असं वाटतं, एकदा दिसलं की विसरता येत नाही. वर पिवळट मण्यांसारखी फळं लटकत असतात ती बोनस, पण फळं नसली तरी नुसत्या व्रणावरून मी बकाण निंब म्हणायला तयार होतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो कारण नवखे इथे अडकतात. थंड देशांतल्या झाडांवरचं वाचाल तर तिथे सगळा भर डोळ्यांवर असतो, डोळ्यावर खवले किती, रंग काय, चिकट आहे का. तिथल्या झाडांना बर्फातून डोळे जपायचे असतात म्हणून खवल्यांची चिलखतं असतात. उष्ण प्रदेशातली पानगळीची झाडं थंडीसाठी नाही तर कोरड्यासाठी पानं टाकतात, त्यांचे डोळे बऱ्याचदा लहान, उघडे, नुसती लव पांघरलेले असतात आणि फोटोत तर दिसतही नाहीत. त्यामुळे अशा झाडांत व्रणाला जास्त मार्क द्या, डोळ्याला कमी. अपवाद आहेतच. हेदू आणि कळंब यांच्या टोकाचा कोंब दोन चपट्या उपपर्णांच्या, म्हणजे देठाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानासारख्या भागांच्या, मध्ये मिटलेला असतो, हात जोडल्यासारखा, तो दिसला तर त्याच दोघांच्या आसपास शोधायचं. आणि वड-पिंपळ-उंबराच्या घरात कोंबावरचं आवरण गळताना काडीभोवती पूर्ण गोल रेघ सोडून जातं, अंगठीसारखी, प्रत्येक पेरावर, म्हणजे काडीवर जिथून पान फुटतं त्या प्रत्येक जागी. पिंपळ थोडेच दिवस उघडा असतो पण असतो, आणि तेव्हा ही अंगठी आणि टोकाचा अणकुचीदार कोंब यावरून घराणं लगेच कळतं.

समोरासमोर की एकाआड एक

काडी हातात आली, किंवा फोटो स्क्रीनवर मोठा केला, की सगळ्यात पहिला प्रश्न हाच. एका पेरावर दोन व्रण समोरासमोर आहेत, की एकेक व्रण आलटून पालटून वर गेलाय? उत्तर समोरासमोर आलं तर यादी निम्म्याहूनही जास्त कमी होते, कारण समोरासमोर पानं असणारी मोठी झाडं मुळात कमीच.

गुलमोहर आणि नीलमोहोर घ्या. पानं असताना दोघं लांबून सारखीच वाटतात, तशीच बारीक पिसासारखी पानं. पानं गेल्यावर तर आणखी गोंधळ. पण नीलमोहोराचे व्रण समोरासमोर असतात आणि गुलमोहराचे एकाआड एक. बस, एवढंच. शेंगा असतील तर प्रश्नच मिटला, गुलमोहराच्या लांबलचक तलवारीसारख्या काळपट शेंगा आणि नीलमोहोराची चपटी गोल लाकडी डबी, पण लहान झाडाला किंवा छाटलेल्या झाडाला यातलं काहीच नसतं तेव्हा काडीच कामाला येते.

सागही समोरासमोरवाला. त्याची काडी बोटांत धरून फिरवली तर ती गोल नाही, चौकोनी लागते, बाजूंना पन्हळी असतात, आतला गाभाही मोठा, आणि कोवळ्या भागावर लव. फोटोत चौकोनीपणा दिसावा म्हणून काडीच्या तुटलेल्या टोकाचा समोरून एक फोटो घ्यायला सांगा, हा फोटो कुणी आपणहून पाठवत नाही. शिवणीची काडीही समोरासमोर आणि थोडी चौकोनीच, तिथे मात्र सालीकडे जावं लागतं : शिवणीचं खोड फिकट आणि बऱ्यापैकी गुळगुळीत, सागाचं तपकिरी-करडं, उभ्या उथळ भेगांचं आणि धागेदार.

आता फसगती. एक, हे कधीही मोठ्या फांद्यांवरून ठरवू नका. समोरासमोर डोळे असलेल्या झाडातही जोडीतला एक डोळा मरतो, एखादी फांदी वाळते, गुरं खातात, मग मोठ्या फांद्या वेड्यावाकड्या दिसतात. बघायचे ते व्रण, आणि तेही काडीच्या मधल्या भागातले. दोन, टोकाला जिथे पेरं फार जवळजवळ असतात तिथे एकाआड एक असलेले व्रणसुद्धा घोळक्यात आल्यामुळे समोरासमोर किंवा चक्राकार वाटतात. मोह, बेहडा, मोई, सालई ही सगळी टोकाला पानांचा झुपका धरणारी झाडं, त्यांच्या टोकाशी व्रणांची नुसती गर्दी असते. अशा वेळी टोकापासून चार बोटं खाली या. तीन, ऐनासारखी झाडं, ज्यात दोन व्रण समोरासमोर यायला बघतात पण एक थोडा वर सरकलेला असतो. तीन-चार पेरं बघा, सगळीकडे तसाच सरकलेला असेल तर ते "जवळपास समोरासमोर" म्हणून लिहा आणि पुढे चला. ऐनाची साल तशी मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते, तिथे काडीवर फार डोकं लावायची वेळच येत नाही.

फोटो कसा काढायचा म्हणजे त्यातून काही कळेल

काडीसाठी झाड मोडायची गरज नसते. निष्पर्ण झाडाखाली वाऱ्याने पडलेल्या काड्या जवळपास नेहमी सापडतात. फक्त ती त्याच झाडाची आहे ना हे पक्कं करा, वरच्या फांदीच्या टोकाशी ताडून बघा, शेजारच्या झाडाची काडी उचलून मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ वाया घालवलीय. आणि फार जुनी वाळलेली नको, तिच्यावरची साल सोलून गेलेली असते, व्रण दिसत नाहीत.

काडी तळहातावर किंवा कोऱ्या कागदावर ठेवा. हवेत धरून फोटो काढला की फोन मागच्या डोंगरावर फोकस करतो आणि काडी धूसर. टोकाचा वीतभर भाग एका फोटोत, मग त्यातल्याच दोन-तीन पेरांचा अगदी जवळून. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा, कारण जाडी कळणं फार महत्त्वाचं आहे, पेन्सिलीएवढी काडी आणि अंगठ्याएवढी काडी म्हणजे दोन वेगळ्या याद्या. उजेड बाजूने येऊ द्या, सकाळचा किंवा संध्याकाळचा, म्हणजे व्रणाच्या कडेला सावली पडते आणि तो उठून दिसतो. दुपारच्या बाराच्या उन्हात किंवा फ्लॅश मारून सगळं सपाट होतं.

सालीचे दोन फोटो, एक साधारण मीटरभर अंतरावरून छातीच्या उंचीवर, म्हणजे भेगांची नक्षी कळते, आणि एक वीतभर अंतरावरून म्हणजे पोत कळतो. शिवाय एखाद्या मनगटाएवढ्या फांदीची साल वेगळी. लोक फक्त बुंध्याचा फोटो पाठवतात आणि बुंधा म्हणजे झाडाचा सगळ्यात जास्त मार खाल्लेला भाग, तिथे वणव्याचा काळेपणा, गुरांनी घासलेलं, शेवाळ, वाळवीची माती, सगळं असतं.

मग जमिनीचा एक फोटो. हा फोटो मी हट्टाने मागतो आणि लोकांना तो विचित्र वाटतो. झाडाखाली पडलेली वाळकी पानं, देठं, शेंगा, फळांची टरफलं, या सगळ्यात अर्धं उत्तर असतं, पुढे उदाहरणात दिसेलच. संपूर्ण झाडाचा फोटो शेवटी, आभाळाकडे तोंड करून काढताना स्क्रीनवर फांदीवर बोट ठेवून उजेड वाढवा नाहीतर नुसती सावली येते. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की अ‍ॅप तो आवळतं आणि मोठा करून बघायला गेलं की ठिपक्यांचा चिखल.

एक सूचना जरा गंभीरपणे. अनोळखी झाडाची साल खरवडू नका, चीक बघायला म्हणून काडी मोडून वास घेऊ नका. बिब्ब्याचं झाड याच दिवसात निष्पर्ण असतं आणि त्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात, भाजल्यासारखे. कांडोळाच्या फळांवरची लव टोचते. आणि उघड्या झाडावर चढलेल्या वेलीला लवदार शेंगा लटकताना दिसल्या तर खाली उभंच राहू नका, ती खाजकुहिली असू शकते, वाऱ्याने सुद्धा पुरेसं होतं.

साल : कधी ऐकायचं, कधी नाही

सालीवर मी थोडक्यात उरकतो. काही झाडांची साल खरंच सहीसारखी असते. कांडोळाचं पांढरंफट गुळगुळीत खोड, पातळ कागदी पापुद्रे सुटणारं, चांदण्यात चमकणारं, म्हणूनच त्याला भुताचं झाड म्हणतात. अर्जुनाचं फिकट करडं-गुलाबी गुळगुळीत खोड, मोठाले पातळ तुकडे सुटणारं. वर सांगितलेला ऐन. पण बाकीच्यांत "करडी, थोडी भेगाळलेली" हे वर्णन पन्नास झाडांना लागू पडतं, आणि वय बदललं की साल बदलते. सावरीचं तरुण खोड जाड बुडाच्या शंकूसारख्या काट्यांनी भरलेलं असतं, म्हाताऱ्या सावरीच्या बुंध्यावर काटे झिजून गेलेले असतात, मग लोक म्हणतात काटे नाहीत म्हणजे सावर नाही. वरच्या फांद्या बघा, तिथे सापडतात.

काट्यांवरून आठवलं, सावर आणि पांगारा यांची गल्लत दरवर्षी होते. दोघांनाही सालीतून आलेले काटे, दोघं निष्पर्ण असताना लाल फुलतात. पांगाऱ्याचे काटे लहान, टोकदार, काळपट आणि जास्त करून फांद्यांवर, सावरीचे मोठे आणि बुचासारख्या फुगीर बुडाचे. आणि लांबून बघायचं तर सावरीच्या फांद्या खोडापासून आडव्या, मजल्यामजल्याने चक्रात निघतात, पांगाऱ्याला अशी शिस्त नसते. इथे साल, काटे आणि ठेवण तिन्ही एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून खात्रीने बोलता येतं. नुसत्या एका खुणेवर मी बोलत नाही.

एक झाड पहिल्यापासून शेवटपर्यंत

माझ्या भाच्याने पाठवलेला फोटो. टेकडीच्या उतारावरचं मध्यम झाड, एकही पान नाही, फांद्या जाड आणि टोकाला बोथट, जणू कुणी बोटं वर केलीत. सोबत बुंध्याचा फोटो, साल करडी आणि तिचे तुकडे सुटतायत. त्याच्या मित्राने ठामपणे सांगितलेलं, "सालई." कारण काय तर टेकडी आहे आणि साल सुटतेय.

मी म्हटलं, "अरे साल सुटणं हा काय पुरावा झाला, काडी पाठव."

काडी आली, पेनाशेजारी ठेवलेली, पेनाहून जाड. चार बोटं खाली आल्यावर व्रण एकाआड एक. मोठे, ढालीसारखे, टोकाशी गर्दी केलेले. म्हणजे पान मोठं होतं, जाड देठाचं, आणि पानं टोकाला झुपक्यात येत होती. समोरासमोरवाले सगळे, साग, शिवण, नीलमोहोर, हेदू, कळंब, यादीतून बाद. काडीभोवती अंगठी नाही, म्हणजे वडाचं घराणं बाद. व्रण तीन पाकळ्यांचा नाही, बकाण निंब बाद. मोहाचा विचार केला, पण मोह मोडला की पांढरा चीक येतो आणि या काडीच्या ताज्या तुटलेल्या टोकावर चिकाचा मागमूस नव्हता. महारुखाचे व्रणही खूप मोठे असतात, पण त्याची साल अशी तुकड्यांनी सुटत नाही. आता उरले ते नेहमीचे चार जण : सालई, काकड, मोई आणि कांडोळ. ही चौकडी नवख्यांना फार छळते, सगळ्यांच्या काड्या जाड, सगळ्यांची पानं टोकाला, सगळे एकाच वेळी उघडे.

कांडोळ सगळ्यात सोपा, बुंधा पांढरा नाही, चकचकीत नाही, तर गेला. सालईची साल पातळ कागदासारखी सुटते, फिकट पिवळसर-हिरवट छटा असते, आणि कुठे जखम असेल तर सुगंधी डिंक. फोटोतले तुकडे तसे नव्हते, जाडसर, वेडेवाकडे, खपल्यांसारखे होते. पण हे मी पन्नास टक्के धरलं, कारण खपली आणि पापुद्रा हा फरक एका फोटोत कधीकधी बघणाऱ्याच्या मनावर असतो.

मग जमिनीचा फोटो मागवला. "मामा, खाली नुसता कचरा आहे," असं उत्तर आलं. मी म्हटलं तो कचराच पाठव.

त्या कचऱ्यात दोन गोष्टी होत्या. एक, लांब वाळक्या काड्या, ज्या मुळात फांद्या नव्हत्याच, संयुक्त पानांचे मधले दांडे होते, म्हणजे एकाच पानाचे जे अनेक छोटे भाग असतात, ज्यांना पानोळ्या म्हणतात, त्या ज्यावर बसतात ते दांडे. हे ओळखायचं सोपं आहे, दांड्याचं एक टोक फुगीर असतं आणि त्याच्यावर कुठेही डोळा नसतो, कारण संयुक्त पानात डोळा असतो तो अख्ख्या पानाच्या बुडाशी, पानोळ्यांच्या बुडाशी नाही. याच्यावरच जोड्यांनी पानोळ्यांच्या खुणा मोजता येतात. भाच्याने तीन दांडे मोजले, एकावर तीन जोड्या आणि टोकाला एक, दुसऱ्यावर चार आणि एक, तिसऱ्यावर पुन्हा चार आणि एक. म्हणजे सात ते नऊ पानोळ्या. सालईच्या पानाला खूप जास्त असतात, सहज पंधराच्या वर. तिथे सालई गेली, आणि पांढऱ्या बुंध्यावरून आधीच बाद केलेला कांडोळ इथे पुन्हा एकदा बाद झाला, कारण त्याचं पान संयुक्त नसतंच, एकच मोठं, बोटं फाकल्यासारखं.

उरले काकड आणि मोई, आणि या दोघांची साल एकमेकींसारखी वाटू शकते, जखमेतली आतली सालही दोघांत गुलाबी-लालसर, त्यामुळे सालीवरून भांडण्यात अर्थ नाही. पण कचऱ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे वाळलेल्या पानोळ्या. मी त्याला एक पानोळी सरळ करून कागदावर ठेवायला सांगितली, कडा दिसेल अशी. कडा एकसंध होती, दातेरी अजिबात नाही, टोक निमुळतं लांब. काकडाच्या पानोळीची कड दातेरी असते, सालईचीही असते, मोईची सलग असते. शिवाय काकडाच्या पानांवर बऱ्याचदा गोल गोल गाठी असतात, किड्यांनी केलेल्या, त्या वाळल्यावरही राहतात, इथे एकही नव्हती. गाठी नसणं हा पुरावा नाही, पण असत्या तर मी थांबलो असतो.

शेवटची तपासणी म्हणून काडीच्या टोकाचा जवळचा फोटो मोठा करून बघितला, कोवळ्या भागावर तांबूस बारीक लव, आणि जिथे ती विरळ होती तिथे केस एकेकटे नसून चांदणीसारखे फुटलेले. मोईच्या कोवळ्या भागावर अशीच चांदणी-लव असते. मी लिहिलं, "मोई. काही ठिकाणी शेमटही म्हणतात. नव्वद टक्के."

उरलेले दहा टक्के फुलं आल्यावर. मोई निष्पर्ण असतानाच फुलते, फांद्यांच्या टोकांवर बारीक लटकते तुरे येतात, फुलं अगदी बारीक, पिवळट-जांभळट. नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, त्यामुळे नुसत्या नर झाडाखाली कितीही शोधलं तरी फळ सापडणार नाही आणि "फळं नाहीत म्हणजे मोई नाही" असं म्हणता येत नाही. काकड असतं तर फुलं स्वच्छ पिवळी आणि नंतर छोट्या आवळ्यासारखी फळं. भाच्याला सांगितलं, झाडाची जागा नोंदवून ठेव, दर आठवड्याला त्याच फांदीचा फोटो काढ.

यात कुठे थांबायचं तेही सांगतो. काडी-सालीवरून बऱ्याचदा घराण्यापर्यंतच पोचता येतं. शिरीष आणि त्याचे भाऊबंद, किंवा पांगाऱ्याच्या वेगवेगळ्या जाती, यांच्यात शेंग किंवा फूल नसताना मी जात सांगत नाही. "शिरीषांपैकी कुठलातरी, शेंग बघून सांगतो" हे उत्तर चालतं. शिरीषाच्या फिकट कागदी शेंगा तशा भरपूर दिवस लटकत खुळखुळत असतात, त्यामुळे थांबावं लागत नाही फारसं. छाटलेल्या झाडांवर मात्र मापांचा भरवसा नाही, छाटणीनंतर जोमाने आलेल्या फांद्यांचे व्रण नेहमीपेक्षा मोठे आणि पेरं लांब लांब असतात, तिथे मोजमापं सोडून द्या, फक्त मांडणी आणि आकार बघा.

दोन आठवड्यांनी भाच्याचा मेसेज आला, "मामा चुकलं तुमचं, याला पानं फुटली, आणि दांड्यावर पानोळ्या वगैरे काही नाही, साधी एकेकटी पानं आहेत." फोटो उघडला. अख्खं झाड तसंच उघडं, आणि एका फांदीवर हिरव्यागार पानांचा एक गुच्छ, जाड, चामड्यासारखी, राखाडी छटेची पानं. त्याला म्हटलं गुच्छाच्या बुडाशी झूम कर. तिथे फांदी गाठीसारखी सुजलेली होती आणि त्या सुजेतून वेगळ्याच रंगाची काडी बाहेर आलेली. बांडगूळ. बाकीच्या फांद्यांची टोकं मी त्याच फोटोत बघत होतो, आणि डाव्या कोपऱ्यात एका टोकाला बारीक तुरा खाली लोंबायला लागला होता.